मायनस सहाला रिमलेस घेऊ का? रिम नंतर बघ, आधी काडीवरचा आकडा बघ

"ताई, वय 26, दोन्ही डोळ्यांना मायनस 6, सिलिंडर नाही, पीडी 62. सध्या काळी जाड शीटची फ्रेम आहे, काडीच्या आत 54-18-140 लिहिलंय, काच 1.56 ची, आठ महिने झालेत. किचनच्या काट्यावर ठेवला तर चष्मा 41 ग्रॅम भरला. संध्याकाळपर्यंत नाकावर लाल खड्डे पडतात. मला रिमलेस घ्यायचाय. बाबा म्हणतात तो टिकणार नाही, मैत्रीण म्हणते मग अर्ध्या रिमचा सुप्रा घे, तो मधला मार्ग. दुकानदार म्हणाले रिमलेसच घ्या, फक्त 1.74 ची काच टाका म्हणजे पातळ दिसेल. रोज इंदिरानगरहून अंबडला ॲक्टिव्हावर जाते, फुल फेस हेल्मेट. काय करू?"
— एक वाचक, नाशिक

अगं सगळ्यात आधी, तू पीडी, फ्रेमचा आकडा आणि वजन तिन्ही लिहून पाठवलंस त्यामुळे मला अंदाजपंचे बोलावं लागणार नाही, बहुतेक जण नुसतं "नंबर जास्त आहे, कुठली फ्रेम घेऊ" एवढंच विचारतात आणि तेवढ्यावर कोणीच नीट उत्तर देऊ शकत नाही.

तुझ्या बाबतीत रिमलेस की सुप्रा की फुल हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न तो 54 चा आकडा. तो बदलला नाहीस तर कुठलीही रिम घे, काच जाडच राहणार आणि रिमलेसमध्ये ती जाडी चारचौघांना दिसणार. म्हणून आधी तो आकडा समजून घेऊ, थोडं गणित आहे पण पाचवीच्या पुढचं नाही.

54 म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, 18 म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, 140 काडीची लांबी. 54 अधिक 18 म्हणजे 72, हे दोन काचांच्या मधोमधचं अंतर झालं. तुझ्या बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, 62. म्हणजे फ्रेम तुझ्या डोळ्यांपेक्षा 10 मिमी रुंद आहे, आणि काचेचा ऑप्टिकल सेंटर तर बुबुळासमोरच यायला पाहिजे, म्हणून फिटर प्रत्येक काचेचा सेंटर 5 मिमी नाकाकडे सरकवतो. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते हे तुला माहीतच असेल, तर सेंटर आत सरकला की कानाकडची कड त्याच्यापासून लांब जाते, 27 अधिक 5 म्हणजे 32 मिमी. आणि जाडी ह्या अंतराच्या वर्गाने वाढते, सरळ पटीत नाही. इथेच सगळा खेळ आहे.

हिशोब असा. सेंटरपासून कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग गुणिले नंबर, त्याला 2000 गुणिले इंडेक्समधून 1 वजा करून आलेल्या आकड्याने भागायचं. इंडेक्स म्हणजे तो 1.56, 1.60, 1.74 असा काचेचा आकडा, तो जितका जास्त तितकी काच पातळ. 1.60 ची काच धरली तर

6 × 32 × 32 ÷ (2000 × 0.60) = 5.1 मिमी

ही झाली कडेला वाढलेली जाडी, त्यात मधली जाडी साधारण 1.4 मिमी मिळव, म्हणजे कड साडेसहा मिलिमीटरची. पेन्सिलीएवढी जवळजवळ. हा अंदाजाचा हिशोब आहे, काचेच्या वाकाप्रमाणे आणि डिझाईनप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, चौकोनी आकाराच्या कोपऱ्यात अजून वाढतं, पण तुलना करायला एकदम पुरेसा आहे.

आता दुकानदारांनी सांगितलं तसं 1.74 टाकून बघू, त्याच 54-18 मध्ये. 0.60 च्या जागी 0.74 घाल, कड येते साधारण साडेपाच मिमी. म्हणजे सगळ्यात महागडी काच घेऊनही एक मिलिमीटर वाचला.

आणि आता काच साधीच ठेव, हीच तुझी 1.56, पण फ्रेम घे 46-20. 46 अधिक 20 म्हणजे 66, पीडी 62, सेंटर फक्त 2 मिमी सरकवायचा, कानाकडची कड 23 अधिक 2 म्हणजे 25 मिमीवर. कड येते साधारण पावणेपाच मिमी. बघ म्हणजे, छोट्या फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या 1.74 पेक्षा पातळ निघाली, पैसे कितीतरी कमी. आणि त्याच छोट्या फ्रेममध्ये 1.60 टाकलीस तर साडेचार. म्हणून मी काउंटरवर मायनस 4 च्या वरचं कोणी आलं की आधी काडी उलटी करून आकडा वाचते, फ्रेमचा रंग नंतर. तुझा चेहरा किती रुंद आहे ते मला दिसत नाहीये, पण 62 पीडीला 46 ते 49 ची काच आणि 18 ते 21 चा ब्रिज ह्या मापात शोध, शक्यतो गोलसर किंवा अंडाकृती. घातल्यावर डोळा काचेच्या मधोमध किंवा किंचित नाकाकडे दिसला पाहिजे, काच कानाकडे पसरलेली दिसत असेल तर ती फ्रेम तुझी नाही, मग कितीही शोभो.

वजनाचंही तसंच आहे, आणि इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की रिमलेस म्हणजे आपोआप हलका. तुझ्या 41 ग्रॅममध्ये दोन काचा मिळून साधारण 16 ग्रॅमच्या असतील, उरलेले 25 त्या जाड शीटचे. रिमलेसचा नुसता सांगाडा, म्हणजे मधला ब्रिज आणि दोन काड्या, टायटॅनियमचा असेल तर पाचेक ग्रॅम. त्यात 54 च्या काचा टाकल्या की झाले 21. चांगलंच आहे, अर्ध्यावर आलं. पण 46 च्या काचा 1.60 मध्ये दोन्ही मिळून साडेदहा ग्रॅमच्या आसपास होतात, आणि टीआर-90 ह्या लवचिक प्लास्टिकची छोटी फुल फ्रेम साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे तोही वीस-एकवीस. रिम असलेला छोटा चष्मा आणि रिम नसलेला मोठा चष्मा, वजन तेच. तुझ्या नंबरला काच हलकी करणं हे फ्रेम हलकी करण्याइतकंच कामाचं आहे, आणि ते मुख्यतः आकार कमी करून होतं.

(नाकावरच्या खड्ड्यांना वजन एकटं कारणीभूत नसतं बरं का. शीटच्या फ्रेमला नोज पॅड फ्रेमचाच भाग असतात, हलत नाहीत, नाकाच्या उताराशी जुळले नाहीत तर एका रेषेवरच सगळा भार येतो. खड्डा बारीक आणि खोल असेल तर पॅडचा कोन चुकलाय. तारेवरचे सिलिकॉनचे पॅड असलेली फ्रेम घेतलीस तर ते वाकवून पूर्ण टेकवता येतात.)

आता रिमवर येऊ. बाबा म्हणतात टिकणार नाही, ते अर्धं बरोबर आहे, पण का टिकत नाही ते कळलं की मग कधी टिकतो तेही कळेल.

फुल फ्रेममध्ये काचेची कड खाचेत बसलेली असते, चष्मा पडला तर मार रिम खाते. काडी ओढली तर ताण बिजागरीवर आणि रिमवर जातो, काचेला कळतही नाही. रिमलेसमध्ये काच हीच फ्रेम असते. काडी आणि ब्रिज काचेला भोकं पाडून स्क्रूने किंवा प्लास्टिकच्या बारीक नळीत पिन दाबून बसवलेले असतात. आता विचार कर, काडी 140 मिमी लांब, तिचं टोक तू एका हाताने बाहेर ओढतेस, आणि दुसऱ्या टोकाला ती भोकात एक-दोन मिलिमीटरच्या आधारावर उभी आहे. म्हणजे ती तरफ झाली, कानाजवळचा थोडासा जोर भोकाच्या कडेला कितीतरी पटीने पोचतो. एका हाताने चष्मा काढायची सवय असलेल्यांचे रिमलेस म्हणूनच ढिले होतात, नेहमी त्याच बाजूचे.

आणि तू तर फुल फेस हेल्मेट घालतेस. हेल्मेट घालून मग काड्या गादी आणि कानशिलाच्या फटीतून सरकवायच्या, रोज जाताना येताना, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तरी वर्षाला सहाशेच्या वर वेळा ती तरफ दाबली जाणार. पडण्याबिडण्याची गरजच नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक सर आलेले, कॉलेजात शिकवतात, मायनस साडेपाच, रिमलेस दुसरीकडून करून घेतलेला. तक्रार एवढीच की उजवी काच हलते, स्क्रू टाइट करून द्या. मी ट्यूबलाइटखाली चष्मा तिरका धरला तर नाकाकडच्या भोकापासून एक केसासारखी पांढरी रेघ कडेकडे निघालेली, नखाला लागत नव्हती पण कोन बदलला की चमकायची. काच 1.56 ची होती. मी त्यांना दाखवली, सांगितलं की आता स्क्रू टाइट केला तर आत्ताच हातात दोन तुकडे येतील, नाही केला तर काही आठवडे चालेल. त्यांना पटलं नाही, तसाच घेऊन गेले, आणि तीन आठवड्यांनी कडेचा तुकडा उडालेला चष्मा घेऊन आले, मध्ये घरी फेविक्विक लावून बघितलेलं त्यामुळे काचेवर भोकाभोवती पांढरट धूर बसला होता तो वेगळाच. ते भोक दुरुस्त होत नाही, कोणीही करू शकत नाही, काच नवीच टाकावी लागते. मला तेव्हा वाईट ह्याचं वाटलं की काच निवडतानाच कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे होतं.

कारण भोक पाडायला सगळ्या काचा सारख्या नसतात. 1.56 ठिसूळ, फुल फ्रेममध्ये एकदम ठीक पण भोकाला नको. साधी 1.50 ची सीआर-39 पण भोकापासून तडकते. 1.74 पातळ असली तरी भोकाच्या बाबतीत नाजूकच, वर वजनदारही, म्हणून दुकानदारांचा सल्ला तुझ्यासाठी दोन्ही बाजूंनी चुकलाय, महाग काच आणि तीही नेमकी जिथे तुटणार तिथे कमजोर. रिमलेसला 1.60 मध्ये एमआर-8 नावाचं मटेरियल चांगलं, चिवट असतं. सगळ्या 1.60 काचा एमआर-8 नसतात, तेव्हा नाव घेऊन विचार आणि बिलावर लिहून घे.

पॉलीकार्बोनेटही सुचवतील. इंडेक्स 1.59 म्हणजे जाडी 1.60 सारखीच, वजन कमी, फुटायला सगळ्यात अवघड. पण मायनस 6 ला त्याची एक अडचण आहे, बाजूने बघितलं की ट्यूबलाइटच्या किंवा पांढऱ्या अक्षरांच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसते, काहींना दोन दिवसांत सवय होते आणि काहींना होतच नाही. शिवाय नेलपेंट रिमूव्हरचा थेंब उडाला तरी ती काच खराब होते, भोकाजवळ तर तडेच जातात. ट्रायव्हेक्स नावाची एक काच आहे, मला स्वतःला रिमलेससाठी ती सगळ्यात आवडते, भोकाला चिवट आणि वजनाला सगळ्यांत हलकी. इंडेक्स 1.53 च असल्यामुळे जास्त नंबरला सहसा कोणी सुचवत नाही, पण आपण मघाचं गणित 46-20 वर करून बघू, 6 × 25 × 25 ÷ (2000 × 0.53) म्हणजे साडेतीन, अधिक 1.4, म्हणजे 4.9. एमआर-8 पेक्षा फक्त 0.4 मिमी जास्त. छोट्या मापात हा फरक डोळ्याला कळणार नाही. दुकानात तयार नसेल तर मागवायला सांग.

रिमलेसची एक गोष्ट मात्र फार चांगली आहे आणि ती कोणी सांगत नाही. रिम नसल्यामुळे काचेचा आकार पक्का नसतो. शोकेसमध्ये जी डमी काच लावलेली असते ती फक्त नमुना, तोच ब्रिज आणि त्याच काड्या ठेवून फिटर काच लहान कापू शकतो. तुला 54 चा मॉडेल आवडला असेल तर 50-51 मध्ये कापून मिळेल का विचार. त्याच्या खाली नको, कारण प्रत्येक काच 4 मिमीने लहान झाली की समोरची एकूण रुंदी 8 मिमीने कमी होते आणि काड्या कानशिलाला दाबायला लागतात. तुला जी मापं हवीत त्याच्यासाठी मुळातच 48 च्या आसपासचा मॉडेल शोधणं बरं.

आणि दिसण्याचं. रिमलेसमध्ये तुझी कानाकडची साडेचार मिमीची कड उघडी दिसणार, शीटची रिम तीन-चार मिमी तरी झाकते. जाड कडेमुळे समोरच्याला काचेत वर्तुळात वर्तुळं दिसतात, मायनसवाल्यांचे फोटो आठव. म्हणून मागची धार किंचित मोडून घ्यायला सांग.

आता तुझ्या मैत्रिणीचा मधला मार्ग. सुप्रा दिसायला मधला आहे, वजनालाही मधला, पण टिकण्याला मधला नाही. वरची अर्धी रिम धातूची, खाली काचेच्या कडेत बारीक खाच पाडून त्यात नायलॉनचा दोरा बसवलेला. म्हणजे चष्मा पालथा पडला की ज्या बाजूवर आपटतो ती खालची कडच उघडी, आणि तिथेच खाच पाडून काच कमजोर केलेली. सुप्राच्या काचेचे कोपरे उडतात ते बहुतेक खालचे. तुझ्या नंबरला खाच पाडायला जागा भरपूर आहे, दोन मिमीच्या वर कड असली की खाच नीट बसते, त्यामुळे ती अडचण नाही. पण जाडीचं काय? तुझी जाड कड कानाकडे आहे, खाली नाही. काच 40 मिमी उंच धरली तर खालची कड सेंटरपासून 20 मिमीवर, जाडी साडेतीनच्या आत. कानाकडे मात्र साडेचार, आणि तिथे सुप्राची वरची रिम दोनेक मिमी रुंद, म्हणजे काच मागून बाहेर आलेली दिसणारच. झाकायचं होतं ते झाकलं नाही आणि वाचवायचं होतं ते उघडं टाकलं, म्हणून तुझ्या नंबरला मी सुप्रा सुचवत नाही. मायनस 2-3 वाल्यांना आनंदाने देते.

ज्यांच्याकडे आधीच सुप्रा आहे त्यांच्यासाठी एवढं सांगते की दोरा ही झिजणारी वस्तू आहे. घाम, साबण, आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेला चष्मा, ह्याने तो सैल पडतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत काच धरून फिरवून बघा, जरा जरी फिरली तरी दोरा बदलायची वेळ झाली, दहा मिनिटांचं काम आहे आणि किरकोळ पैशात होतं, थांबलात तर काच गाडी चालवताना पडते.

फुल फ्रेमलाही दोष आहेत, नाहीत असं नाही. धातूच्या बारीक रिममध्ये काडीजवळचा स्क्रू ढिला झाला की रिम उघडते आणि काच खाली येते, आणि फिटरने काच किंचित मोठी कापून जबरदस्तीने दाबून बसवली तर काही महिन्यांत कडेला कोटिंगला तडे दिसायला लागतात. टीआर-90 ची गोष्ट अशी की ती हलकी, लवचिक, वाकून परत येते, पण शीटसारखी गरम करून कानाला वळवता येत नाही, आली तशीच वापरायची, म्हणून ती दुकानातच नीट बसतेय का बघायची. पण ह्या सगळ्यात काच सुरक्षित असते. (प्लस नंबरवाल्यांनी हे सगळं स्वतःला लावू नये, त्यांची काच मध्ये जाड आणि कडेला पातळ, तिथे रिमलेस केला तर भोकासाठी कड जाड ठेवावी लागते आणि त्यासाठी पूर्ण काचच जाड होते, हिशोबच उलटा.)

तर तुझ्यासाठी माझं मत, रोज अंबडला जाण्याचा चष्मा फुल रिमचाच, 46 ते 48 मापाचा, गोलसर, हलत्या पॅडवाला बारीक धातूचा किंवा टीआर-90 चा. रिमलेस मनात आहे तर जरूर घे, मी मोडता घालणार नाही, पण तो दुसरा चष्मा म्हणून, हेल्मेट नसतं त्या वेळेसाठी, छोट्या मापात, एमआर-8 किंवा ट्रायव्हेक्समध्ये, आणि प्रत्येक काडीला दोन भोकं किंवा एक भोक आणि कडेला एक खाच असलेला, नुसत्या एका भोकावरची काडी गोल फिरत राहते आणि भोक मोठं करत जाते. घ्यायला गेलीस की तिथेच ट्यूबलाइटखाली चारही जोडांजवळ बघ, रेघ नको. टेबलावर उलटा ठेव, दोन्ही काड्या एकदम टेकल्या पाहिजेत. एक काच धरून काडी हलक्या हाताने हलव, टकटक नको. दर तीन-चार महिन्यांनी स्क्रू बघून घे, घरी स्वतः पिळू नकोस.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एक कर. तुझ्या आत्ताच्या काचा आठच महिन्यांच्या आहेत, ओरखडे नसतील तर त्याच काचा लहान कापून नव्या छोट्या फुल फ्रेममध्ये बसू शकतात. गणित बघ, आत्ता ऑप्टिकल सेंटरपासून नाकाकडची कड 27 वजा 5 म्हणजे 22 मिमीवर आहे, 46-20 च्या फ्रेमला तिथे 23 वजा 2 म्हणजे 21 मिमी लागतात. बसतंय, एक मिलिमीटर हातात ठेवून. कानाकडे तर सात मिमी कापूनच टाकायचेत, तेच तर जाड होते. उंची नव्या फ्रेमची जुन्यापेक्षा कमी पाहिजे, बस. 48-18 घेतलीस तर नाकाकडे 24 वजा 2 म्हणजे 22 लागतात, अगदी काठावर, तिथे फिटर नाही म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. सगळे फिटर हे काम घेत नाहीत, कापताना कोटिंग उडालं तर जबाबदारी तुमची असं सांगतात आणि तेही रास्त आहे, पण रविवार कारंजा, मेन रोडच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी विचारलंस तर कोणीतरी घेईल. फ्रेम घेऊन जा, काडीवरचा आकडा आणि तुझी पीडी कागदावर लिहून दे, आणि झाल्यावर परत किचनच्या काट्यावर ठेवून किती भरला ते मला कळव.